धुळे, धुये आणि ‘फादर’ची फसवी साक्ष

खानदेशातील दोन मोठ्या शहरांच्या नावांत ‘ळ’ आहे: जळगाव आणि धुळे. परंतु शहराबाहेर पडून एखाद्या खेड्यात अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या वृद्ध माणसाच्या तोंडून ही नावे ऐकली, तर त्यांतला ‘ळ’ बहुधा सापडत नाही. तिथे ‘जयगाव’ आणि ‘धुये’ असा उच्चार कानी पडतो. डोळ्याला ‘डोया’, मळ्याला ‘मया’, काळ्याला ‘काया’, शाळेला ‘शाया’ आणि रावेर-यावलच्या केळीला ‘केयी’. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या रचना ज्या बोलीत आहेत, तिच्यातही हेच दिसते.

पुण्यामुंबईकडचा माणूस याला ‘अशुद्ध उच्चार’ म्हणून मोकळा होतो. पण अशुद्धता अशी शिस्तबद्ध नसते. चूक असती तर कुठे ‘ळ’चा ‘य’ झाला असता, कुठे ‘र’, कुठे ‘ल’. इथे मात्र शब्द कोणताही असो, प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी खानदेशी ‘य’ उभा असतो. ज्याने ‘डोया’ आणि ‘मया’ ऐकले, त्याला ‘पिवळा’ या शब्दाचे रूप न ऐकताच सांगता येते: ‘पिवया’.

आता हाच खेळ उलट दिशेने खेळून पाहावा. खानदेशी ‘काया’ आणि खानदेशी ‘पाय’ या दोन शब्दांत ‘य’ आहे. त्यांची प्रमाण मराठी रूपे कोणती? पहिल्याचे ‘काळा’, दुसऱ्याचे मात्र ‘पाय’च, ‘पाळ’ नव्हे. म्हणजे मराठीकडून खानदेशीकडे जाताना नियम अचूक चालतो, उलट येताना अंदाज करता येत नाही. याचा अर्थ असा की, पूर्वी ‘ळ’ आणि ‘य’ हे दोन वेगळे ध्वनी होते आणि खानदेशात ते एकात मिसळले. दोन नद्या मिळाल्यानंतर खालच्या पाण्यात उभे राहून कोणते पाणी कोणत्या नदीचे, हे सांगता येत नाही. म्हणून या एका बाबतीत जुनी स्थिती प्रमाण मराठीने जपली आहे, असे निश्चितपणे म्हणता येते. आणि तेही एकही जुनी पोथी न उघडता.

संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी यांच्या नात्याचा शोध नेमक्या याच रीतीने लागला. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच, कदाचित नष्ट झालेल्या, मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असा विचार मांडला. ती सूचना मोलाची होती, पण तिच्यामागे नियम नव्हता. नियम पुढे आला तो १८१८ साली डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांच्या निबंधात आणि १८२२ साली जर्मनीच्या याकोब ग्रिम यांच्या व्याकरणात. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू सर्वांना ठाऊक असतात. त्यांतला थोरला तो हाच.

नियम समजून घेण्यासाठी पायापासून आरंभ करणे सोयीचे. संस्कृतात ‘पद्’ किंवा ‘पाद’. लॅटिनमध्ये ‘पेस’, आणि त्याचे षष्ठीचे रूप ‘पेदिस’, ज्यात मूळचा ‘द’ उघडा पडतो. इंग्रजीत ‘फूट’. संस्कृत व लॅटिन यांत ‘प’ आणि ‘द’ जागच्या जागी आहेत. इंग्रजीत ‘प’चा ‘फ’ आणि ‘द’चा ‘ट’ झाला आहे. एका शब्दावरून काहीच सिद्ध होत नाही, म्हणून दुसरा घ्यावा. संस्कृत ‘दन्त’, लॅटिन ‘देन्तिस’, इंग्रजी ‘टूथ’. इथेही ‘द’चा ‘ट’ झाला, शिवाय ‘त’चा ‘थ’ झाला. मधला ‘न’ इंग्रजीत गळाला. मग ‘दश’, ‘देकेम’, ‘टेन’: पुन्हा ‘द’चा ‘ट’. ‘त्रयः’, ‘त्रेस’, ‘थ्री’: पुन्हा ‘त’चा ‘थ’. ‘पशु’, ‘पेकुस’ आणि इंग्रजी ‘फी’: पुन्हा ‘प’चा ‘फ’. हा ‘फी’ शब्द पाहून कोणी चमकेल. परंतु त्याच्या जुन्या इंग्रजी रूपाचा अर्थ गुरेढोरे असाच होता. गुरे हेच धन होते, त्या काळाची ती खूण.

ग्रिम यांचे म्हणणे थोडक्यात असे: इंग्रजी, जर्मन, डॅनिश या भाषांची जी जुनी जर्मानिक पूर्वज भाषा, तिच्यात ‘प, त, क’ यांचे ‘फ, थ, ह’ झाले आणि ‘ब, द, ग’ यांचे ‘प, त, क’ झाले. इंग्रजीतल्या ‘त’ला मराठी कान ‘ट’ म्हणतो, म्हणून इथे ‘ट’ लिहिले आहे. आणि जिथे संस्कृतात ‘भ’ तिथे इंग्रजीत ‘ब’, तर लॅटिनमध्ये शब्दारंभी ‘फ’: ‘भ्रातृ’, ‘फ्रातेर’, ‘ब्रदर’. एका ठिकाणी बदल अडतो. ‘स’च्या लगोलग आलेला ‘त’ इंग्रजीत तसाच राहतो, म्हणून संस्कृत ‘स्था’ आणि लॅटिन ‘स्तारे’ यांच्यासमोर इंग्रजी ‘स्टँड’ येतो, ‘स्थँड’ नाही. पण हे अडणेही नियमितच आहे.

या साखळीत मराठीची कडीही आहे, आणि तिने वेगळाच मार्ग धरला. मराठीकडे येताना प्राकृतात दोन स्वरांमधले ‘त’ आणि ‘द’ विरून गेले. ‘पाद’चा ‘पाअ’ होऊन ‘पाय’ झाला, ‘माता’ची ‘माय’ झाली, ‘भ्राता’चा ‘भाऊ’ झाला. चौपायाचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, त्या अर्थाने ‘पाद’चा ‘पाव’ झाला. ‘स-पाद’चे ‘सव्वा’ आणि ‘पाद-ऊन’, म्हणजे एक पाद कमी, त्याचे ‘पाऊण’. जळगावच्या बाजारात पाव किलो, सव्वा किलो, पाऊण किलो असा हिशेब चालतो, तेव्हा तराजूवर प्रत्येक वेळी एक झिजलेला पाय ठेवला जातो. (बेकरीतला पाव मात्र यांचा कोणी नाही, तो पोर्तुगिजांबरोबर आला.) धुळ्यातल्या एखाद्या शिंप्याने ‘पायाने पेडल मारले आणि दोन फूट शिवण घातली’ असे म्हटले, तर एकाच शब्दाच्या तीन शाखा एका वाक्यात येतात: ‘पाय’ संस्कृत-प्राकृताकडून, ‘पेडल’ लॅटिनकडून, ‘फूट’ जर्मानिककडून.

‘पेडल’ हा इंग्रजीच शब्द ना, मग त्यात ‘प’ आणि ‘द’ कसे उरले, असा प्रश्न इथे पडायला हवा. उत्तर नियमातच आहे. ‘प’चा ‘फ’ होण्याचा बदल ख्रिस्तपूर्व काळात घडून संपला. त्यानंतर कित्येक शतकांनी फ्रेंच-लॅटिनमधून जे शब्द इंग्रजीने उसने घेतले, त्यांना तो बदल लागू झाला नाही. ‘फूट’ घरचा, ‘पेडल’ उसना. ‘टूथ’ घरचा, ‘डेंटल’ उसना. ‘फादर’ घरचा, ‘पॅटर्नल’ उसना. ज्याच्या अंगावर बदलाची खूण नाही, तो नंतर आलेला पाहुणा.

आता ‘फादर’. ‘पितृ’, ‘पातेर’, ‘फादर’ ही त्रयी शाळेतल्या पुस्तकांपासून समाजमाध्यमांवरच्या तक्त्यांपर्यंत सर्वत्र पहिल्या ओळीत असते. ‘प’चा ‘फ’ झाला, तो निःशंक. त्यापुढे तक्ता सांगतो की ‘त’चा ‘थ’ही झाला, कारण इंग्रजीत तिथे टी-एच लिहितात, मराठी कानाला तो ‘द’सारखा भासतो, पण जातीने तो ‘थ्री’मधल्या घर्षक ध्वनीचा सघोष भाऊ. सगळे कसे जुळून आले! आणि नेमके इथेच पाऊल घसरते.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या लेखनात, पाहिले तर बापाला ‘फॅडेर’ म्हणत. त्यात टी-एच नव्हता, स्वच्छ ‘ड’ होता. आईला ‘मोडोर’; तिच्यातही ‘ड’. भावाच्या शब्दात मात्र टी-एचचाच ध्वनी होता. आजच्या जर्मनमध्ये हा भेद वेगळ्या रूपात टिकून आहे: बाप ‘फाटर’, आई ‘मुटर’, पण भाऊ ‘ब्रूडर’. इंग्रजीत पुढे मध्ययुगाच्या अखेरीस अशा शब्दांतल्या ‘ड’चा ‘र’च्या शेजारी टी-एच झाला आणि तिघे सारखे दिसू लागले. म्हणजे ‘फादर’मधला टी-एच हा ग्रिमच्या नियमाने आलेला नाहीच. तो दीड-दोन हजार वर्षांनी, वेगळ्याच कारणाने तिथे येऊन बसला. साक्ष खरी वाटते, कारण ती योगायोगाने अपेक्षित उत्तर देते. पण साक्षीदार घटनेच्या वेळी तिथे नव्हता.

मग खरी अडचण उभी राहते. संस्कृतात ‘पिता’, ‘माता’, ‘भ्राता’ या तिन्हींत एकच ‘त’ आहे, लॅटिनमध्येही तसेच. नियमाप्रमाणे जर्मानिकमध्ये तिन्हींत ‘थ’ हवा. तो भावात मिळतो. आईबापांत ‘द’ का? ग्रिम यांच्या नियमाला असे अपवाद पुष्कळ होते, आणि अर्धशतकभर अभ्यासकांनी त्यांची यादी करून ती बाजूला ठेवली. भाषा म्हटली की अपवाद असायचेच, हे उत्तर तेव्हाही सोयीचे होते.

१८७५ साली कार्ल व्हेर्नर या डॅनिश तरुणाला उत्तर सापडले. त्याचा लेख १८७७ साली प्रसिद्ध झाला. असे सांगतात की, दुपारी झोप येईना म्हणून त्याने फ्रान्झ बोप यांचे तुलनात्मक व्याकरण चाळायला घेतले आणि त्याची नजर ‘पितृ’ व ‘भ्रातृ’ यांच्या वैदिक रूपांवरच्या स्वरचिन्हांवर गेली. गोष्ट सजवलेली असू शकेल. त्याने जे पाहिले ते आजही कोणालाही पाहता येते.

वैदिक संस्कृतात प्रत्येक शब्दातल्या बहुधा एका स्वरावर उंच आघात असतो, त्याला उदात्त म्हणतात. ऋग्वेदाच्या छापील संहितेत उदात्ताला खूण नसते. त्याच्या आधीच्या अनुदात्त अक्षराखाली आडवी रेघ आणि नंतरच्या स्वरिताच्या डोक्यावर उभी रेघ असते. ‘पिता’ शब्दात ‘पि’खाली आडवी रेघ येते, म्हणजे उदात्त ‘ता’वर आहे. ‘माता’ शब्दातही तो ‘ता’वरच. ‘भ्राता’ शब्दात मात्र ‘भ्रा’ उदात्त आहे. आईबाप एकीकडे, भाऊ दुसरीकडे: जर्मानिकमधली विभागणी नेमकी हीच!

व्हेर्नरने घटनांचा क्रम असा लावला. आधी ग्रिमच्या नियमाने सगळ्याच ‘त’चे ‘थ’ झाले, आईबापांतलेही. त्यानंतर शब्दाच्या आत असलेला ‘थ’, त्याच्या लगेच आधीच्या स्वरावर आघात नसेल तर, सघोष होऊन पुढे ‘द’ झाला. ‘पिता’मध्ये ‘त’च्या आधीच्या ‘इ’वर आघात नव्हता, म्हणून बदल झाला, ‘भ्राता’मध्ये आधीच्या ‘आ’वर आघात होता, म्हणून ‘थ’ वाचला. आणि सर्वांत शेवटी जर्मानिक भाषांत सगळ्या शब्दांचा आघात पहिल्या अक्षरावर सरकला. कारण पुसले गेले, परिणाम उरला. केवळ जर्मन आणि इंग्रजी पाहणाऱ्याला हे कोडे सुटणे जवळजवळ अशक्य होते, कारण पुरावा त्या भाषांतून नाहीसा झाला होता. तो टिकला होता ऋग्वेदाच्या पाठात. अर्थ कळो न कळो, स्वर चुकू द्यायचा नाही, या हट्टाने मान आणि हात हलवत घोकणाऱ्या वैदिकांनी जी गोष्ट जपली, तिने जर्मन व्याकरणाचा अपवाद मिटवला.

नियम खरा की रचलेला, याची परीक्षा एका नव्या शब्दावर करता येते. संस्कृत ‘शतम्’मध्ये उदात्त दुसऱ्या स्वरावर, म्हणजे ‘त’च्या नंतर आहे. तेव्हा व्हेर्नरच्या म्हणण्यानुसार जर्मानिकमध्ये इथे ‘थ’ नव्हे, ‘द’ मिळायला हवा. लॅटिन ‘केन्तुम’, इंग्रजी ‘हंड्रेड’. ‘हंड’च्या शेवटी ‘ड’ आहे. ‘थ्री’मधला ‘त’ शब्दारंभीचा, म्हणून त्याला हा नियम लागत नाही आणि तिथे ‘थ’ राहतो.

‘शतम्’वरून आणखी एक प्रश्न सुटतो, आणि तरुण वाचकांत याच प्रश्नावरून सर्वाधिक भांडणे होतात: संस्कृत ही लॅटिन-इंग्रजीची आई की बहीण? इथे खानदेशातली ‘ळ’ची युक्ती पुन्हा उपयोगी पडते. ‘दश’चे लॅटिन रूप ‘देकेम’, ‘अष्ट’चे ‘ओक्तो’, ‘अज्र’ म्हणजे शेत, त्याचे ‘आगेर’, आणि इंग्रजीत तोच शब्द ‘एकर’. संस्कृतातल्या एकाच ‘अ’समोर लॅटिनमध्ये कुठे ‘ए’, कुठे ‘ओ’, कुठे ‘आ’ येतो. लॅटिनकडून संस्कृतकडे जाताना ‘अ’ येणार हे सांगता येते. उलट दिशेने कोणता स्वर येणार ते सांगता येत नाही. ‘काया’वरून ‘काळा’ ओळखता येत नाही तसेच. म्हणजे मूळचे तीन स्वर संस्कृतात एक झाले, आणि या बाबतीत जुनी स्थिती लॅटिनने राखली. आघाताच्या बाबतीत संस्कृत जुनी, या स्वरांच्या बाबतीत लॅटिन जुनी. ज्या मुलीकडे आईचा एक दागिना आहे आणि दुसरा नाही, तिला आई म्हणता येत नाही. त्यात कोणाचा मानही नाही आणि अपमानही नाही.

धुळ्याशी या विषयाचा आणखी एक धागा जुळतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा अखेरचा काळ याच गावात गेला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले आणि त्यांचा मराठी धातुकोश त्या मंडळाने प्रसिद्ध केला. मराठीचा एकेक धातू हुडकून त्याचे मूळ लावण्याचे ते काम प्रचंड आहे. तरी त्यांच्या सर्व व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी स्वीकारल्या नाहीत. मराठी शब्द आणि संस्कृत शब्द यांतले अंतर एका उडीत ओलांडले, की मधली प्राकृताची पायरी खरोखर होती का, हे तपासायचे राहून जाते. राजवाड्यांसारख्या व्यासंगी माणसालाही जो मोह आवरणे कठीण, तो आज तयार याद्या पुढे पाठवणाऱ्यांना कसा आवरावा?

त्या याद्यांत हटकून आढळणारा एक शब्द म्हणजे ‘पाथ’. संस्कृत ‘पथ’, इंग्रजी ‘पाथ’, अर्थ तोच, ध्वनी तेच. यापेक्षा मोठा पुरावा कोणता, असे विचारले जाते. पण ज्याने ‘फूट’ आणि ‘फादर’ पाहिले आहेत, त्याच्या मनात पाल चुकचुकते. घरचा शब्द असता तर इंग्रजीत ‘प’चा ‘फ’ व्हायला हवा होता. तो झाला नाही, म्हणजे हा शब्द बदलाची लाट ओसरल्यावर कुठून तरी आलेला असावा. इराणी भाषांकडून तो उसना आला असावा, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. ‘पथ’चा घरचा नातलग इंग्रजीत बहुधा ‘फाइंड’ हा आहे. त्यात ‘प’चा ‘फ’ आहे, संस्कृत ‘पन्थाः’मधला ‘न’ आहे, आणि मूळ अर्थ वाटेने जाणे, वाट काढणे असा असावा. लॅटिनमध्ये त्याच घराण्यातला ‘पोन्तिस’ पुलाला म्हणतात. दिसायला ‘फाइंड’ हा ‘पथ’सारखा मुळीच नाही, जसा ‘पाऊण’ हा ‘फूट’सारखा नाही.